आमची वाटचाल: पुराचं पाणी, उधारीची वही आणि बँकेला लिहिलेलं पत्र

1998 साली गंगाखेडला आम्ही शटर उघडलं तेव्हा आमच्याकडच्या नदीकाठच्या माणसाला पाण्याच्या पंपाची मोटार जळाली की ती परभणीला न्यावी लागायची. जायला एक दिवस, आणायला एक दिवस, आणि मधले दिवस ऊस वाळत उभा. आम्ही ते थांबवलं. आज तालुक्यात मोटार भरणारे, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळणारे, बरेच झालेत, त्यातले चारदोन आमच्याच दुकानात हात बसवून बाहेर पडलेत. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दुकान मी एकट्यानं उभं केलं नाही. मी आयटीआय झालेला वायरमन. खरी विद्या होती चाचांकडे. ते परभणीच्या एका वर्कशॉपमध्ये उस्ताद होते. तिथून फुटून माझ्यासोबत आले ते अर्ध्या भागीवर. सोबत आणलं काय, तर हातानं फिरवायचं कॉइल मशीन, तारेचं गेज, बांबूच्या पट्ट्या तासायची सुरी आणि एक लांबोडकी वही. जळकी मोटार उघडली की चाचा आधी जुनी कॉइल कापायचे नाहीत. खाचा मोजायचे, एका कॉइलमधले वेढे मोजायचे, तारेची जाडी घ्यायचे, जोडणी कशी आहे त्याचं चित्र काढायचे आणि मगच छिन्नी लावायचे. ते सगळं त्या वहीत उतरायचं. कंपनी, एचपी, खाचा, वेढे, गेज. पंचवीस वर्षांत अशा चार वह्या भरल्या. बाजारातली कुठलीही शेतीची मोटार आणा, तिची कुंडली आमच्याकडे आहे.

चाचांनी मला दुसरी एक गोष्ट शिकवली ती मेगरची, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राची. वायंडिंग दिसायला चकचकीत असू शकतं आणि आतून पाणी धरून बसलेलं असू शकतं. 500 व्होल्टचा मेगर लावायचा, एक टोक वायंडिंगला, एक टोक बॉडीला. काटा एक मेगओहमच्या खाली आला तर मोटार चालवायची नाही, मालक कितीही घाईवर असो. आलेला आकडा जॉबकार्डावर लिहायचा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. ही सवय पुढे बँकेत कामाला येईल असं तेव्हा चाचांनाही वाटलं नसेल. ते 2019 ला गेले. त्यांचा मेगर अजून मीच वापरतो.

मधली वर्षं मी सांगत बसत नाही. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही बोअर आटले होते. मोटारी चालल्याच नाहीत तर जळणार कुठून? तरीही तेव्हा एक हप्ता चुकला नाही. पुढं पाऊस झाला, काम वाढलं. 2022 च्या सुरुवातीला गोडाऊन, मोठी भट्टी आणि बोअरमधून मोटार काढायला चेनपुली बसवलेली गाडी यासाठी 15 लाखांचं मुदत कर्ज घेतलं, सात वर्षांचं, महिन्याला 25,700 चा हप्ता. शिवाय 8 लाखांची सीसी होती, म्हणजे धंद्याला लागेल तसे पैसे उचलायचं कॅश क्रेडिट खातं.

आता समोरच्या दुकानाविषयी. नाव घेत नाही, गंगाखेडवाल्यांना सांगायची गरज नाही. 2023 ला ते दुकान बरोबर आमच्या समोर उघडलं. माणूस मोटार भरत नाही, फक्त विकतो. स्वस्तातली मोटार, आत ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियम वाईटच असतं असं मी म्हणत नाही; पण त्याची वीज वाहण्याची ताकद तांब्याच्या सुमारे 60 टक्के, म्हणून तेवढ्याच करंटला तार जाड लागते. ती जाडी न देता, तांब्याच्याच बेतानं बनवलेली मोटार कमी दाबाच्या लाइनवर तापते आणि दोन हंगामांत बसते. शेतकऱ्याला दुकानात हे दिसत नाही, त्याला किंमत दिसते. पुढं तीच मोटार भरायला माझ्याकडे यायची. मी भरून द्यायचो, तेही उधारीवर, कारण रोख त्यानं समोर दिलेली असायची. हे दोन वर्षं चाललं आणि मी सहन केलं. एकदा तर त्यानं आमच्या पोराला चाचांच्या वह्यांचे फोटो काढून आणायला पैसे देऊ केले. पोरगं इमानदार, त्यानं मला येऊन सांगितलं.

मग 2025 चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. वरून पाऊस, त्यात जायकवाडीचा विसर्ग; गोदावरी काठ सोडून शेतात शिरली. काठावरच्या मोटारी, स्टार्टर, पॅनल, सगळं पाण्याखाली. पाणी उतरलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून दुकानासमोर ट्रॅक्टर लागायला लागले. ट्रॉलीत मोटारी, मोटारींत गाळ.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मोटार भरणाऱ्याची चांदी झाली. काम तर खरंच आयुष्यात पाहिलं नव्हतं इतकं होतं. पुरात बुडालेली प्रत्येक मोटार जळालेली नसते. उघडायची, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, बेअरिंग बदलायचं, भट्टीत 80-90 अंशाला तासन् तास वाळवायची आणि मेगर लावायचा. काटा चढत गेला तर वार्निश देऊन परत भट्टीत. चढलाच नाही तर तार काढून नव्यानं भरायची. (शेतकरी बांधवांना हात जोडून सांगतो, पाण्यात राहिलेली मोटार वाळली आहे का बघू म्हणून बटण दाबू नका. वाळवून वाचली असती ती मोटार त्या एका बटणानं जळते. निम्म्या मोटारी आमच्याकडे अशाच जळून आल्या.)

पण पैसा कुठून येणार? सोयाबीन पाण्यात सडलेलं, कापसाची बोंडं काळी पडलेली, काहींची तर माती खरवडून गेलेली. रब्बीचं पाणी द्यायला मोटार हवी आणि मोटारीचे पैसे द्यायला रब्बी यायला हवी. मी नाही म्हणालो नाही. ज्यांच्या जिवावर पंचवीस वर्षं दुकान चाललं त्यांना पुरात रोख मागणारा मी नव्हे. डिसेंबरअखेर उधारीची वही 9 लाख 40 हजारांवर गेली. आणि समोर काय चाललं होतं? ‘जुनी द्या, नवी घ्या’, फक्त रोखीत. सरकारी मदतीचे म्हणून खात्यावर जे थोडे पैसे पडले, ते माझ्या दारावरून समोर गेले. माझ्याकडे उधारी असलेल्या माणसांना मी स्वतः समोरून खोकं घेऊन निघताना पाहिलंय. माझी उधारी ही त्याची रोकड झाली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. दिवाळीनंतर त्यानं आवई उठवली की बँक आमचं दुकान ओढणार आहे. ती नांदेडच्या तारवाल्यापर्यंत गेली. ज्यानं वीस वर्षं फोनवर माल पाठवला, त्यानं तांब्याच्या तारेचा पुढचा माल रोखीशिवाय सोडायला नकार दिला.

5 नोव्हेंबरचा हप्ता राहिला. 5 डिसेंबरचाही राहिला.

इथं बँकेचं घड्याळ समजून घेतलं पाहिजे, कारण बरेच दुकानदार तीन हप्ते चुकेपर्यंत काही होत नाही अशा समजात असतात. ठरल्या तारखेच्या रात्रीपर्यंत हप्ता आला नाही की खातं त्या दिवसापासून थकीत धरतात. तीस दिवस पूर्ण झाले की ते एसएमए-1, म्हणजे बँकेच्या खास नजरेखालचं खातं, साठ पूर्ण झाले की एसएमए-2 आणि नव्वद पूर्ण झाले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं. माझ्या बाबतीत 5 डिसेंबर, 4 जानेवारी आणि 3 फेब्रुवारी. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून सुटका नाही, सगळी थकबाकी भरेपर्यंत शिक्का जात नाही. आणि शिक्का खात्याला नसतो, कर्जदाराला असतो. मुदत कर्ज बुडालं की सीसीही त्याच्यासोबत जाते.

सीसीचं दुखणं वेगळंच होतं. आपण दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल तो आकडा, काढते. दुकानातला माल, त्यातून उधारीवर आणलेला माल वजा, उरलेल्यातून 25 टक्के मार्जिन वजा. मग गिऱ्हाइकांकडची येणी, त्यावर माझ्या बँकेत 40 टक्के मार्जिन. पण फक्त नव्वद दिवसांच्या आतली. जुनी येणी मोजतच नाहीत. ऑक्टोबरमध्ये पूरग्रस्तांना दिलेली उधारी जानेवारीत नव्वद दिवसांची झाली आणि हिशेबातून गळाली. माझी डिसेंबरअखेरची येणी 9 लाख 40 हजार, त्यातली जवळपास 4 लाखांची गळणार होती. ड्रॉइंग पॉवर येत होती 7 लाख 14 हजार आणि मी वापरलेले होते 7 लाख 95 हजार. एक रुपयाही नवीन न उचलता सीसी अनियमित. चांगुलपणाची शिक्षा अशी कागदावर मिळते.

शाखेत गेलो. साहेब नवीन होते. त्यांनी जीएसटीचे आकडे पाहिले आणि म्हणाले, “तुमची विक्री तर गेल्या वर्षापेक्षा वाढलीय, मग हप्ता का राहतो?” हा प्रश्न मला लागला. विक्री म्हणजे वसुली नव्हे, हे बँकेत बसून बोलावं लागलं. शेवटी ते म्हणाले, “अर्ज द्या, सोबत कॅशफ्लो जोडा, पाहू.”

ओळखीच्या एका कर सल्लागारानं पहिला कॅशफ्लो करून दिला. वर्षाची विक्री 20 टक्क्यांनी वाढणार असं धरून तिला बारानं भागलं होतं. महिन्याला सारखी आवक, सारखी जावक, शेवटी नफा. कागद देखणा होता. मी तो बँकेत दिलाच नाही. आमच्या धंद्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, मोटारी बंद असतात, दुकानात माशा मारतो. ज्या कागदात ऑगस्ट आणि मार्च सारखे आहेत तो कागद मराठवाड्यातल्या कुठल्याही साहेबानं उचलून बाजूला ठेवला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

मी उधारीची वही घेऊन बसलो. नावानुसार नाही, पिकानुसार. ज्याचा पैसा ज्या पिकातून येणार, त्या पिकाच्या महिन्यात तो मांडायचा. ऊसवाल्यांकडे 3 लाख 60 हजार होते. कारखाने सुरू झालेले, बिलं जानेवारी ते मार्चमध्ये पडणार. त्यातले 80 टक्के येतील असं धरलं. तूर-हरभऱ्यावाल्यांकडे 2 लाख 30 हजार. फेब्रुवारी-मार्च, 70 टक्के धरले. फक्त सोयाबीनवर असलेले आणि जमीन खरवडून गेलेले, त्यांच्याकडे अडीच लाख. त्यांचे निम्मेच धरले आणि तेही पुढच्या दिवाळीनंतर. उरलेल्या एका लाखासमोर शून्य लिहिलं. ते शून्य लिहिताना हात जड झाला, पण बँकेला सगळी उधारी वसूल होणार असं लिहून दिलं तर बाकीच्या आकड्यांवरही ती विश्वास ठेवत नाही.

नंतर रोजचा धंदा. तार, वार्निश, बेअरिंग वजा जाता रोखीत हातात उरतात ते जानेवारी ते मे महिन्याला 1 लाख 5 हजार, पावसाळ्यात 55 हजार, ऑक्टोबर ते डिसेंबर 95 हजार. कारागिरांचा पगार, भाडं, वीज, डिझेल आणि घरखर्च मिळून महिन्याला 76 हजार जात होते. घरखर्च आणि डिझेल आवळून ते 68 वर आणले. कारागिरांच्या पगाराला हात लावला नाही. मोटार भरणारा हात एकदा गेला की परत मिळत नाही, आणि समोरचा तर वाटच बघत होता.

हे सगळं मांडल्यावर जे दिसलं ते मलाही आधी इतकं स्पष्ट नव्हतं. या वर्षाचा एकूण हिशेब बसत होता, महिन्याचा बसत नव्हता. उन्हाळ्यात महिन्याला 37 हजार वर उरतात. पावसाळ्यात हप्ता भरायच्या आधीच 13 हजारांची तूट असते. त्यावर 25,700 चा हप्ता आणि सीसीचं व्याज टाकलं की चार महिन्यांत पावणेदोन लाखांवर खड्डा. आजवर तो खड्डा उन्हाळ्याच्या शिलकीनं भरायचो. या वर्षी ती शिल्लक उधारीच्या वहीत अडकलेली. म्हणून मी हप्ता माफ करा असं लिहिलं नाही, हप्त्याचं वेळापत्रक बदला असं लिहिलं.

पत्र 26 डिसेंबरला दिलं, पोच घेतली. तोंडी विनंतीला बँकेत काही किंमत नसते, शिक्क्याच्या पोचेला असते. पत्रातला मुख्य भाग जसाच्या तसा देतो:

“मा. शाखाधिकारी साहेब,

आमचे मुदत कर्ज व कॅश क्रेडिट खाते ऑक्टोबर 2025 पर्यंत नियमित होते. सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टी व पुरामुळे आमच्या ग्राहकांची पिके गेली व आमची येणी थकली. त्यामुळे 5 नोव्हेंबर व 5 डिसेंबरचे हप्ते भरता आले नाहीत. आज मुदत कर्जाची येणे बाकी सुमारे 8 लाख 35 हजार आहे. हे खाते 4 जानेवारी रोजी एसएमए-2 होईल व 3 फेब्रुवारी रोजी एनपीए होईल याची आम्हाला जाणीव आहे, म्हणून त्याआधी हा अर्ज करीत आहोत.

आमची विनंती अशी की, सदर बाकी 48 महिन्यांत फेडण्यास मुभा द्यावी व हप्ते हंगामानुसार ठेवावेत: जानेवारी ते मे दरमहा 34,000, जून ते सप्टेंबर दरमहा 8,000 व ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा 19,000. पावसाळ्यातील हप्त्यातूनही त्या महिन्याचे व्याज पूर्ण वसूल होते, म्हणजे बाकी वाढत नाही. कॅश क्रेडिटमधील 2 लाख वेगळे काढून तीन वर्षांचे कर्ज करावे व मर्यादा 8 लाखांवरून 6 लाख करावी, कारण मार्चअखेर आमची ड्रॉइंग पॉवर 6 लाखांच्या आसपास राहील असा आमचा हिशेब आहे. दंडात्मक आकार माफ करावा. व्याजदरात सवलत मागत नाही.

धरलेल्या वसुलीच्या निम्मीच वसुली झाली तरी नवा हप्ता व कॅश क्रेडिटचे व्याज धरून जून ते सप्टेंबरमधील 1 लाख 6 हजारांची तूट भरून निघते, हे सोबतच्या दुसऱ्या तक्त्यात दाखवले आहे. त्यासाठी तार पुरवठादाराने आपल्या दीड लाखांपैकी निम्मी रक्कम दिवाळीनंतर घेण्याचे लेखी मान्य केले आहे. त्यांचे पत्र जोडले आहे.”

तारवाल्याचं ते पत्र मिळवायला मी नांदेडला स्वतः गेलो होतो. त्याच्यापुढे तीच वही ठेवली, तेच आकडे. आवई ऐकून बिचकलेला माणूस आकडे बघून शांत झाला. हे पत्र नसतं तर निम्म्या वसुलीचा तक्ता कोसळत होता, कारण आलेल्या पैशातले दीड लाख आधी त्यालाच गेले असते.

जोडपत्रांत सगळ्यात वजनदार निघाली ती जॉबकार्डं. साहेब म्हणाले होते, “दुकानात तर पाणी शिरलं नाही, मग तुमचा पुराशी संबंध काय?” मी पुरानंतरच्या कार्डांचा गठ्ठा पुढं ठेवला. एक कार्ड त्यांना वाचून दाखवलं: नदीकाठचं गाव, साडेसात एचपी मोनोब्लॉक, ‘गाळ भरलेला’, आला तेव्हा मेगर शून्य, भट्टीनंतर 0.4, नव्यानं भरल्यावर 50 च्या वर, रक्कम उधार. खाली शेतकऱ्याची सही. सोबत त्याच माणसाच्या शेताच्या पंचनाम्याची प्रत. अशी कार्डं एकामागून एक. ते बराच वेळ चाळत राहिले.

तरी अडचण संपली नव्हती. कर्जदार अडचणीत आहे म्हणून हप्ते बदलून दिले तर नियमानं चांगलं खातंही एनपीएत टाकावं लागतं. म्हणजे आजार टाळायला औषध घ्यायचं आणि औषधानंच आजार व्हायचा. नैसर्गिक आपत्तीपोटी दिलेल्या सवलतीला मात्र तसं नाही, तिथं खातं चांगलं राहू शकतं. साहेबांचं म्हणणं, ती सवलत पीककर्जाला. मी रिझर्व्ह बँकेच्या आपत्तीविषयक निर्देशांची प्रत नेली होती. त्यात शेतीकर्जाशिवाय कारागीर, व्यापारी, छोटे उद्योग यांच्या कर्जांचाही उल्लेख आहे. फक्त ती द्यायची की नाही हे आपत्तीची तीव्रता बघून बँकेनं ठरवायचं असतं, तो आपला हक्क नाही. त्याच अर्जात मी पर्यायी विनंतीही लिहिली होती, की हे शक्य नसेल तर 2016 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पुनरुज्जीवन चौकटीत प्रकरण घ्यावं. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती होती. तिथं 10 लाखांपर्यंतचं प्रकरण शाखेतच हाताळता येतं, त्यावरचं समितीकडे जातं. माझं दोन्ही मिळून 16 लाखांवर, म्हणजे समिती, म्हणजे आणखी वेळ.

वेळ तर नव्हताच. 3 फेब्रुवारी जवळ येत होती आणि प्रकरण विभागीय कार्यालयात पडून. इथं आमचे अण्णा उभे राहिले. नदीकाठचे ऊसवाले, दुकानाच्या पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या दोन्ही मोटारी पुरात गेल्या होत्या आणि दोन्ही मी भरून दिल्या होत्या. जानेवारीत त्यांचं पहिलं बिल पडलं तसे ते दुकानात आले, माझ्याकडची उधारी पूर्ण मोजून दिली आणि म्हणाले, “माझं ऱ्हाऊ दे पुन्यांदा, तुझं दुकान बंद पडलं तर माझी मोटार कोन भरंल?” त्या पैशातून मी नोव्हेंबरचा हप्ता भरला. फक्त एकच, पण सगळ्यात जुना. घड्याळ सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतं. नोव्हेंबर फिटला की मोजणी 5 डिसेंबरपासून, आणि एनपीएची तारीख 3 फेब्रुवारीवरून 5 मार्चवर गेली. थोडे पैसे हातात असतील तर ते सीसीत भरून व्याज वाचवण्यापेक्षा जुन्या हप्त्यात भरा, आणि कशापोटी भरताय ते स्लिपवर लिहा. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली, आपत्तीच्याच तरतुदीत. 48 महिने दिले, हंगामी हप्ते दिले, सीसीतले 2 लाख वेगळे काढले. दंडात्मक आकार निम्मा माफ केला. दर तिमाहीला दुकानात येऊन माल तपासायची अट घातली, ती मी आनंदानं मान्य केली. आमचं कपाट कुणीही कधीही उघडून बघावं. मुदत वाढल्यानं व्याजापोटी पाऊण लाखाच्या आसपास जास्त जाणार आहेत. सवलत म्हणजे फुकट नाही, हे घरात सगळ्यांना सांगितलं.

हे लिहितोय तेव्हा मेचा 34 हजारांचा हप्ता भरून झालाय. ऊसवाल्यांची वसुली धरली होती त्यापेक्षा थोडी जास्त आली, तूरवाल्यांची कमी, कारण भाव पाहून काहींनी तूर घरातच ठेवलीय. पावसाळ्यासाठी लागणारे 1 लाख 6 हजार वेगळ्या खात्यात ठेवलेत आणि त्या खात्याचं पासबुक कारागिरांनाही दाखवलंय, म्हणजे सप्टेंबरचा पगार मिळेल की नाही या चिंतेनं कुणी समोर बघणार नाही. समोरचा अजून आहे. गेल्या महिन्यात त्याच्याच दुकानातून घेतलेल्या पाच एचपीच्या तीन मोटारी जळून माझ्याकडे आल्या. तिन्ही उघडल्या, खाचा-वेढे मोजून चौथ्या वहीत लिहून घेतले आणि तांब्याची तार घालून भरून दिल्या. दोघांनी रोख दिले. तिसऱ्याच्या नावापुढं मी पीक लिहून ठेवलंय: हळद.